पश्चावस्थेतील सहा गुणसूत्रबिंदू : पेशीविभाजनाच्या सात आकृत्यांचे एक प्रकरण

अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे सलग दोन विभाजनांतून एका पेशीपासून निम्मी गुणसूत्रे असलेल्या चार पेशी होण्याची क्रिया. तिच्यावरील ज्या प्रश्नाचा येथे विचार करायचा आहे, त्यात सात आकृत्या उलटसुलट क्रमाने दिलेल्या होत्या आणि दोन गोष्टी विचारल्या होत्या. आकृत्या योग्य क्रमाने लावा, ही पहिली. आणि एका आकृतीत गुणसूत्रांचे वर्तन चुकीचे दाखवले आहे, ती आकृती ओळखून चूक नेमकी कोणती ते लिहा, ही दुसरी. पहिला भाग बहुतेकांना जमला. दुसऱ्या भागात मात्र उत्तरे तीन-चार दिशांना फुटली, आणि ज्यांनी योग्य आकृतीवर बोट ठेवले त्यांच्यापैकीही काहींनी दिलेले कारण नेमके उलटे होते. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखे आहे.

आकृत्यांमधील पेशी प्राणिपेशी असून तिच्यात चार गुणसूत्रे आहेत, म्हणजे समजात गुणसूत्रांच्या दोन जोड्या: एक लांब गुणसूत्रांची आणि एक आखूड गुणसूत्रांची. प्रत्येक जोडीतील मातेकडून आलेले गुणसूत्र गडद आणि पित्याकडून आलेले फिके रंगवले आहे. प्रत्येक गुणसूत्रावर गुणसूत्रबिंदू, म्हणजे दुपदरी गुणसूत्राचे दोन पदर जिथे जोडलेले असतात ती जागा, ठळक ठिपक्याने दाखवला आहे. हा ठिपका सजावटीसाठी नाही, हे पुढे दिसेलच.

आता आकृत्या, दिलेल्या क्रमाने. ‘क’मध्ये दोन पेशी आहेत; प्रत्येकीत एक लांब आणि एक आखूड अशी दोन दुपदरी गुणसूत्रे मध्यभागी एका ओळीत उभी आहेत. ‘ख’मध्ये एकच, थोडी लांबट झालेली पेशी आहे आणि गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे निघालेली आहेत. ‘ग’मध्ये चार लहान पेशी असून प्रत्येकीत दोन एकेरी गुणसूत्रे आहेत. ‘घ’मध्ये केंद्रकपटल विरत चालले आहे, समजात गुणसूत्रे एकमेकांना बिलगलेली आहेत आणि दोन्ही जोड्यांमध्ये एकेका ठिकाणी भुजा फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या आहेत. ‘च’मध्ये पेशीच्या मध्यावर खाच पडली असून दोन्ही टोकांना दोन-दोन दुपदरी गुणसूत्रे जमली आहेत. ‘छ’मध्ये दोन पेशी आहेत आणि प्रत्येकीत एकेरी गुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जात आहेत. ‘ज’मध्ये एकच पेशी असून समजात जोड्या मध्यभागी समोरासमोर उभ्या आहेत, लांब जोडीतील गडद गुणसूत्र वरच्या बाजूला, पण आखूड जोडीतील गडद गुणसूत्र खालच्या बाजूला.

क्रम लावताना सर्वांत आधी पेशींची संख्या पाहावी, कारण ती फक्त वाढते. एका पेशीच्या आकृत्या घ, ज, ख आणि खाच पडू लागलेली च. दोन पेशींच्या क आणि छ. चार पेशींची ग. एवढ्यावरच तीन गट पडतात आणि गटांतर्गत क्रम फार अवघड राहत नाही. पहिल्या गटात पूर्वावस्था घ, मध्यावस्था ज, पश्चावस्था ख, अंत्यावस्था च. दुसऱ्या गटात मध्यावस्था क, पश्चावस्था छ. म्हणजे घ, ज, ख, च, क, छ, ग. ज्यांचा क्रम चुकला त्यांनी बहुधा ‘क’ आणि ‘ज’ यांची अदलाबदल केली होती, कारण दोन्हींत गुणसूत्रे मध्यभागी आहेत आणि मध्यावस्था म्हणजे मधोमध उभी गुणसूत्रे एवढीच खूण त्यांच्या मनात होती. पण ‘ज’मध्ये समजात गुणसूत्रे जोडीने, दोन रांगांत समोरासमोर आहेत, आणि ‘क’मध्ये प्रत्येक गुणसूत्र सुटे, एकाच रांगेत आहे. समजात जोडी दिसणे हीच पहिल्या विभाजनाची खूण होय. दुसऱ्या विभाजनात एका पेशीत समजात जोडीतील एकच गुणसूत्र उरलेले असते, त्यामुळे जोडी जमण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या विभाजनाची पूर्वावस्था या संचात नाही, हे प्रश्नकर्त्याने बरे केले. पहिल्या विभाजनाची अंत्यावस्था आणि दुसऱ्याची पूर्वावस्था यांत स्थिर चित्रावरून फरक करणे पुष्कळदा अशक्य असते. अनेक सजीवांत तर या दोहोंच्या मध्ये केंद्रकपटल नीट तयारही होत नाही.

आता चुकीच्या आकृतीकडे वळू. सर्वाधिक बोटे ‘ज’कडे वळली. कारण असे दिले गेले की मातेकडील गुणसूत्रे एका बाजूला आणि पित्याकडील दुसऱ्या बाजूला असायला हवीत, आकृतीत मात्र गडद गुणसूत्र एका जोडीत वर तर दुसऱ्या जोडीत खाली आहे. हा आक्षेप वरवर पटण्याजोगा वाटतो, पण तो पूर्णपणे चूक आहे. मध्यावस्थेत एक जोडी कोणत्या दिशेने तोंड करून उभी राहते याचा दुसऱ्या जोडीशी काहीही संबंध नसतो. दोन जोड्या असतील तर दोन्ही गडद एका बाजूला, किंवा एक गडद आणि एक फिके एका बाजूला, या दोन्ही मांडण्या सारख्याच संभाव्य आहेत. मातेकडील सगळी गुणसूत्रे दर वेळी एकाच ध्रुवाकडे गेली असती तर मेंडेलचा स्वतंत्र विभक्तीचा नियम वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील जनुकांनाही लागू पडला नसता. एलिनॉर कॅरोदर्स यांनी 1913 मध्ये नाकतोड्याच्या पेशींमध्ये हे प्रत्यक्ष पाहिले. त्यांना अशी एक समजात जोडी सापडली होती की जिच्यातील दोन गुणसूत्रे आकाराने असमान होती, त्यामुळे कोणते कुठे गेले हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत होते. नराच्या पेशीत एकटेच असलेले लिंग गुणसूत्र ज्या ध्रुवाकडे जाई, त्याच ध्रुवाकडे असमान जोडीतील मोठे गुणसूत्र सुमारे निम्म्या पेशींत जाई आणि उरलेल्या निम्म्या पेशींत धाकटे. ‘ज’मधील मांडणी ही त्याच स्वातंत्र्याचे चित्र आहे.

काहींनी ‘ग’ला चुकीचे ठरवले, कारण चार पेशींपैकी काहींमधील गुणसूत्रे दुरंगी होती: गडद गुणसूत्राचे टोक फिके, फिक्याचे टोक गडद. यांनी ‘घ’ नीट पाहिली नव्हती. तिथे भुजांची फुली दाखवली आहे. तिथेच पारगती, म्हणजे तुकड्यांची अदलाबदल, होऊन समजात गुणसूत्रांच्या एकेका अर्धगुणसूत्राचे, म्हणजे एकेका पदराचे, टोक बदलले गेले आहे. त्यानंतरच्या प्रत्येक आकृतीत काही टोके दुरंगी असणे हे बरोबरच आहे. ती एकरंगी असती तर आक्षेप घ्यायला जागा होती. यातून एक व्यावहारिक पथ्य निघते: कोणते गुणसूत्र मातेकडील आणि कोणते पित्याकडील हे ठरवताना टोकाचा रंग पाहू नये, गुणसूत्रबिंदूजवळचा रंग पाहावा. या संचात पारगती गुणसूत्रबिंदूपासून दूर झालेली असल्यामुळे तिथला रंग बदललेला नाही.

‘ख’च्या एका ध्रुवाजवळ तारककेंद्र काढायचे राहून गेले आहे असाही एक आक्षेप होता. निरीक्षण बरोबर आहे, पण प्रश्न गुणसूत्रांच्या वर्तनाचा होता. तारककेंद्र नसल्याने चित्र अपुरे ठरेल, गुणसूत्रांचे वर्तन त्यामुळे चुकत नाही. वनस्पतींच्या पेशींत आणि मानवासह अनेक प्राण्यांच्या अंडपेशींच्या विभाजनात तर्कुतंतूंची, म्हणजे गुणसूत्रांना ध्रुवांकडे ओढणाऱ्या तंतूंची, रचना तारककेंद्राविनाच होते. काढण्यातला निष्काळजीपणा आणि वर्तनातली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग चूक कुठे आहे? ती ‘ख’मध्येच आहे, पण तारककेंद्राच्या जागी नाही. या आकृतीत लांब जोडी योग्य रीतीने वेगळी होत आहे: गडद लांब गुणसूत्र आपल्या दोन्ही अर्धगुणसूत्रांसह वर चालले आहे आणि फिके लांब गुणसूत्र तसेच दुपदरी खाली. आखूड जोडीचे मात्र वेगळेच घडते आहे. आखूड गडद गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू दुभंगून त्याचे एक अर्धगुणसूत्र वर आणि एक खाली निघाले आहे. आखूड फिक्याचेही तसेच. म्हणजे एकाच पेशीत एक जोडी पहिल्या विभाजनाच्या नियमाने चालते आहे आणि दुसरी सूत्री विभाजनाच्या, म्हणजे शरीरातील पेशींच्या नेहमीच्या विभाजनाच्या, नियमाने.

ही चूक नजरेतून का सुटते, हे समजण्यासारखे आहे. आकृती दिसायला अगदी समतोल आहे. वरच्या ध्रुवाकडे जाणारे पदर मोजले तर लांब गुणसूत्राचे दोन आणि आखूड एकेरी दोन, असे चार होतात, खालीही चारच. योग्य आकृतीतही प्रत्येक ध्रुवाकडे चारच पदर जातात. ज्यांनी पदर मोजून आकृती बरोबर ठरवली त्यांचे मोजणे बरोबर होते, फक्त जे मोजायला हवे ते त्यांनी मोजले नाही. पहिल्या आकृतीपासून शेवटच्या आकृतीपर्यंत सर्व पेशी मिळून अर्धगुणसूत्रे आठच राहतात, कारण विभाजन सुरू होण्याआधी डीएनएचे द्विगुणन एकदाच झालेले असते आणि दोन विभाजनांच्या मध्ये ते पुन्हा होत नाही. जो आकडा बदलतच नाही, त्याच्यावरून चूक पकडता येणार नाही.

मोजायचे असतात ते गुणसूत्रबिंदू. गुणसूत्रांची संख्या म्हणजे गुणसूत्रबिंदूंची संख्या, मग प्रत्येकाला एक पदर असो वा दोन. लावलेल्या क्रमाने प्रत्येक आकृतीतील सर्व पेशींचे मिळून गुणसूत्रबिंदू मोजले तर असे दिसते: घमध्ये 4, जमध्ये 4, खमध्ये 6, चमध्ये 4, कमध्ये 4, छमध्ये 8 आणि गमध्ये 8. योग्य क्रमात हा आकडा एकदाच बदलतो, दुसऱ्या विभाजनाच्या पश्चावस्थेत, जेव्हा चारही गुणसूत्रबिंदू दुभंगून आठ होतात. येथे तो चारवरून सहावर जातो आणि परत चारवर येतो. वाढ एक वेळ समजून घेता येईल, पण घट कशी समजायची? एकदा दुभंगलेला गुणसूत्रबिंदू पुन्हा सांधला जात नाही. ‘ख’मध्ये वर गेलेले आखूड एकेरी गुणसूत्र ‘च’मध्ये दुपदरी होऊन बसले आहे, ते द्विगुणनाशिवाय शक्य नाही, आणि द्विगुणनाला तर वावच नाही.

येथे एक रास्त शंका येते. ‘ख’ आणि ‘च’ यांचे जुळत नाही एवढेच यातून सिद्ध झाले. चूक ‘ख’चीच कशावरून, ‘च’ची का नाही? याचे उत्तर शेजारच्या आकृत्यांकडून मिळते. ‘ज’मध्ये वरच्या बाजूला लांब गडद आणि आखूड फिके उभे आहेत. ‘च’मध्ये वरच्या टोकाला नेमकी हीच दोन गुणसूत्रे दुपदरी अवस्थेत पोहोचली आहेत आणि ‘क’मधील वरच्या पेशीतही तीच आहेत. ‘ज’, ‘च’, ‘क’, ‘छ’, ‘ग’ या पाच आकृत्या एकमेकींशी पूर्ण सुसंगत आहेत. ‘ख’ एकटी दुरुस्त केली की सगळा संच जुळतो. ‘ख’ खरी मानायची तर ‘च’, ‘क’, ‘छ’ आणि ‘ग’ अशा चार आकृत्या बदलाव्या लागतात. प्रश्नात चुकीची आकृती एकच आहे असे सांगितलेले असल्याने निर्णय ‘ख’वर येतो.

उलटे कारण देणाऱ्यांचे उत्तर या ठिकाणी तपासून पाहता येते. त्यांनी ‘ख’ ओळखली, पण लिहिले असे की आखूड गुणसूत्रे बरोबर वेगळी झाली आहेत आणि लांब गुणसूत्रांचीही अर्धगुणसूत्रे तशीच वेगळी व्हायला हवी होती. पश्चावस्था म्हणजे अर्धगुणसूत्रांची फारकत, हे सूत्री विभाजनातून पाठ झालेले वाक्य इथे आडवे आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आकृती दुरुस्त केली तर ‘ख’मधील गुणसूत्रबिंदू सहाऐवजी आठ होतात आणि पुढच्या ‘च’मध्ये पुन्हा चार, विसंगती मिटण्याऐवजी वाढते. माझ्या मते अशा उत्तराला आकृती ओळखल्याचे गुण देऊन थांबावे, कारणाचे देऊ नयेत. प्रश्नाचा खरा भार कारणावरच आहे.

एका तपशिलामुळे हा घोटाळा आणखी सोपा झाला होता, तो असा की ‘ख’मध्ये लांब गुणसूत्रांचे पदर एकमेकांपासून बरेच फाकलेले काढले आहेत. ते फक्त गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेले आहेत, बाकी चारही भुजा मोकळ्या. घाईत पाहणाऱ्याला ते निम्मे तुटल्यासारखे वाटतात आणि ही फारकत अर्धवट राहिली असा समज होतो. प्रत्यक्षात ते चित्र अगदी बरोबर आहे आणि पहिल्या विभाजनाची पश्चावस्था सूक्ष्मदर्शकाखाली अशीच दिसते.

त्यामागची यंत्रणा थोडक्यात सांगायला हवी, कारण चूक ही चूक का आहे ते तिच्यावरूनच कळते. एकाच गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे कोहेझिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी भुजांच्या लांबीभर आणि गुणसूत्रबिंदूपाशी बांधलेली असतात. पारगतीची फुली समजात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवते, ती या भुजांवरील कोहेझिनच्याच आधाराने. फुलीच्या पलीकडच्या भागात अर्धगुणसूत्रे बांधलेली असतात म्हणून जोडी निसटत नाही. पहिल्या पश्चावस्थेत सेपरेझ हे विकर कोहेझिनची कडी कापते, पण फक्त भुजांवरची. गुणसूत्रबिंदूपाशी शुगोशिन नावाचे प्रथिन कोहेझिनला संरक्षण देते. भुजा सुटल्यामुळे फुली उलगडते आणि समजात गुणसूत्रे वेगळी होतात; गुणसूत्रबिंदूपाशी बंध टिकल्यामुळे भगिनी अर्धगुणसूत्रे एकत्रच जातात, भुजा फाकवून. याशिवाय पहिल्या विभाजनात दोन्ही भगिनींचे गुणसूत्रबिंदू एकाच ध्रुवाकडून येणाऱ्या तर्कुतंतूंना जोडले जातात, त्यामुळे त्यांना विरुद्ध दिशांना ओढणारे कोणी नसते. दुसऱ्या पश्चावस्थेपर्यंत शुगोशिनचे संरक्षण संपते, भगिनींना विरुद्ध ध्रुवांकडचे तंतू जोडलेले असतात, आणि मगच गुणसूत्रबिंदू दुभंगतात.

‘ख’मध्ये आखूड जोडीचे जे दाखवले आहे ते निसर्गात कधीच घडत नाही असे मात्र उत्तरात लिहू नये. गुणसूत्रबिंदूपाशी असलेले कोहेझिन दुबळे झाले तर भगिनी अर्धगुणसूत्रे पहिल्याच विभाजनात सुटू शकतात. वय वाढलेल्या स्त्रियांच्या अंडपेशींत असे घडल्याचे आढळते. ज्यांच्या गुणसूत्रांवर एकच ठरावीक गुणसूत्रबिंदू नसून तंतू लांबीभर जोडले जातात अशा काही सजीवांत, उदाहरणार्थ लुझुला या गवतासारख्या वनस्पतीत, भगिनी अर्धगुणसूत्रे पहिल्या विभाजनात आणि समजात दुसऱ्या विभाजनात वेगळी होतात. पण या संचात प्रत्येक गुणसूत्रावर एक ठळक बिंदू आहे, त्यामुळे दुसरा पर्याय बाद होतो. पहिला पर्याय मानला तर पुढच्या आकृत्या वेगळ्या दिसायला हव्या होत्या: वरच्या पेशीत एक आखूड गडद आणि एक आखूड फिके, दोन्ही एकेरी, एकमेकांशी कसलाही बंध नसलेली. बंध नसल्याने दुसऱ्या विभाजनात ती वेगवेगळ्या ध्रुवांकडेच जातील याची खात्री नसते. कधी दोन्ही एकाच पेशीत जातात आणि दुसरी पेशी आखूड गुणसूत्रावाचून राहते. ‘ग’मधील चारही पेशींत एक लांब आणि एक आखूड नीट आहे, एवढ्यावरून मात्र असे काही घडलेच नाही असे सिद्ध होत नाही, कारण योगायोगाने वाटप बरोबरही होऊ शकते. निर्णायक ठरतात त्या ‘च’ आणि ‘क’ याच आकृत्या.

आदर्श उत्तरातली दुरुस्त ‘ख’ अशी असेल: वरच्या ध्रुवाकडे लांब गडद आणि आखूड फिके, खालच्या ध्रुवाकडे लांब फिके आणि आखूड गडद, चारही गुणसूत्रे दुपदरी, प्रत्येकावर एकच अखंड गुणसूत्रबिंदू, बिंदू ध्रुवाच्या दिशेने पुढे आणि भुजा मागे लोंबणाऱ्या. वर आखूड गडद आणि खाली आखूड फिके काढले तर? पश्चावस्था म्हणून तेही वर्तन निर्दोष आहे, पण या संचातील ‘ज’ आणि ‘च’शी ते जुळत नाही. माझ्या मते त्याचा थोडा गुण कापावा, पूर्ण नाही.

हाच प्रश्न पुन्हा वापरताना कोणत्या आकृत्या गाळता येतील याचाही विचार करावा लागतो. ‘च’ आणि ‘क’ दोन्ही गाळल्या तर उरलेल्या पाच आकृत्यांतील गुणसूत्रबिंदू 4, 4, 6, 8, 8 असे होतात. आकडा फक्त वाढतो, घट कुठेच नाही, आणि मोजणीने काहीही पकडले जात नाही. तेव्हा रंगांचा आधार घ्यावा लागतो: ‘छ’मधील वरच्या पेशीत दोन्ही आखूड गुणसूत्रे बिंदूपाशी फिकी आहेत, तर ‘ख’प्रमाणे तिथे एक गडद आणि एक फिके असायला हवे होते. आकृत्या एकाच रंगात छापल्या गेल्या तर तोही आधार जातो, आणि मग केवळ आकृत्या एकमेकींशी ताडून चूक शोधता येत नाही. पहिल्या पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगत नाही हे आधीच माहीत असावे लागते. काळ्यापांढऱ्या छपाईत हा प्रश्न घालायचा असेल तर निदान ‘च’ तरी ठेवावी.